बाबांच्या विखुरलेल्या ठेवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबा जानेवारी २०२४ मध्ये गेले. सहा बँकांत पसरलेला त्यांचा पैसा शोधायला आणि तो तसा का पसरला होता हे कळायला मला दीड वर्ष लागलं. ही गोष्ट मी चार नातेवाइकांना सांगितली, त्यांनी पुढे सांगितली, आणि तेव्हापासून तेच तेच प्रश्न येताहेत. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. बँकांची खरी नावं देत नाही, क, ख, ग, घ, च अशी अक्षरं वापरते. रकमा मात्र जशा होत्या तशाच आहेत.

१. तुमचे बाबा काय करायचे? इतका पैसा आला कुठून?

एसटीत हेडक्लार्क होते, सातारा डेपोत. २०१२ ला निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि नंतर गावच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा विकून आलेली रक्कम, एवढीच काय ती जमा. एसटीच्या माणसाला सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते, प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेची म्हणजे ईपीएसची असते. बाबांना दरमहा तीन हजारांच्या आत मिळायची. पेन्शनर गेल्यावर पत्नीला त्याची निम्मी मिळते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

२. नेमकं काय काय सापडलं?

सहा मुदत ठेवी, प्रत्येकी तीन वर्षांच्या, पाच बँकांत, त्यातल्या दोन ‘ख’ मध्ये. पाच पावत्या ४,००,००० च्या आणि एक ३,९०,००० ची. सहाव्या बँकेत फक्त पेन्शनचं बचत खातं, तिथे ठेव एकही नाही. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं होतं आणि त्यावर एकटी आईच नॉमिनी नोंदलेली होती. तिथे पत्नीला खातं पुढे चालू ठेवता येतं, तसं तिने ठेवलं, त्यामुळे त्याबद्दल इथे अधिक काही नाही.

कपाटात मात्र तीनच पावत्या होत्या, आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत. बाकी तीन कशा सापडल्या ते पुढे येईलच.

३. पावती नसताना ठेव आहे हे कळलं कसं?

कॅलेंडरवरून. आमच्या घरी जुनी कालनिर्णयची पानं टाकत नाहीत. थोडी पुस्तकांना कव्हर घालायला आणि बाकीची फडताळात डब्यांखाली अंथरायला. तेराव्यानंतर आई फडताळ पुसत होती. पोह्यांचा डबा उचलला तर खाली नोव्हेंबर २०२२ चं पान, त्यात एका तारखेला पेन्सिलीचं बारीक वर्तुळ आणि आत एक अक्षर. दुधाचा हिशेब निळ्या पेनने, हे पेन्सिलीने. कपाटातल्या एका पावतीची तारीख अशाच एका वर्तुळाशी जुळली तेव्हा आम्ही घरभरची पानं गोळा केली. मे २०२१ पासून नोव्हेंबर २०२३ पर्यंत, दर मे आणि दर नोव्हेंबरला एक, अशी सहा वर्तुळं मिळाली. अक्षर म्हणजे बँकेच्या नावाचं पहिलं अक्षर. त्यात तीन वर्षं मिळवली की मुदत संपण्याची तारीख.

म्हणजे जेव्हा आम्हाला तीनच ठेवी ठाऊक होत्या तेव्हाही एकूण सहा असणार हे माहीत होतं. शोध घेताना याचा फार उपयोग झाला, कारण कुठे थांबायचं ते कळत होतं.

पानं नसतील तर बचत खात्याचं पासबुक घ्या आणि गेल्या तीन-चार वर्षांतल्या मोठ्या नावे रकमा शोधा. पासबुक भरलेलं नसेल तर बँक उतारा देते. चेक कोणत्या बँकेच्या नावाने फाडला, हे त्यातून निघतं.

४. ‘च’ हे अक्षर कोणत्या बँकेचं, हे कसं ओळखलं?

नाही ओळखता आलं. साताऱ्यात त्या अक्षराच्या तीन बँका आहेत आणि काउंटरवर “त्यांच्या नावाने काही आहे का बघा” म्हटलं की कोणीही बघत नाही. ते आयकर पोर्टलवरून कळलं. मयत व्यक्तीचा वारस म्हणून तिथे नोंदणी करता येते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, दोघांचं पॅन आणि हमीपत्र लागतं. नोंदणी मंजूर झाली की बाबांचं वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस दिसतं. कोणत्या बँकेने किती व्याज दिलं हे बँका स्वतः कळवतात, ते त्यात बँकेच्या नावानिशी असतं. हातात व्याज पडलेलं नसलं तरी साठत चाललेलं दिसतं. आधीच्या आर्थिक वर्षाचे आकडे जूनच्या सुमाराला भरतात, म्हणून मार्चमध्ये रिकामं दिसलं तर निराश होऊ नका. आमची ‘च’ बँक १९ जूनला दिसली.

५. उद्गम पोर्टलवर शोधलं नाही का?

शोधलं, काही मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं. रिझर्व्ह बँकेचं `udgam.rbi.org.in` हे पोर्टल दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या आणि म्हणून ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत गेलेल्या पैशांसाठी आहे. गेल्या वर्षी गेलेल्या माणसाच्या चालू ठेवी तिथे नसतात. आजोबांच्या काळातलं विसरलेलं खातं शोधायचं असेल तर जरूर पाहा. तिथे ‘नोंद नाही’ आलं म्हणजे ठेव नाही, असा अर्थ काढू नका.

६. एकाच बँकेत सगळं का नाही ठेवलं? वय झाल्यावर एवढी पळापळ कशाला?

हा प्रश्न मीही पहिले सहा महिने विचारत होते, रागानेच. उत्तर ठेव विम्यात आहे. बँक बुडाली तर डीआयसीजीसी हे महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ठराविक रकमेपर्यंत पैसे देतं. १९९३ पासून ही मर्यादा १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. मर्यादेत मुद्दल आणि साठलेलं व्याज दोन्ही धरतात. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच बँक, आणि बचत खात्यातले पैसेही त्यातच.

बाबांचे पैसे पूर्वी एका सहकारी बँकेत अडकले होते. तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे लाख रुपये मिळाले, वरचे गेले. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. पण त्या वर्षानंतरच्या त्यांच्या सगळ्या पावत्या पाहिल्या तर रकमा विचित्र आहेत. २०१३ ची एक जुनी पावती ७५,००० ची आहे, दर ९.२५ टक्के. ७५ हजार हा आकडा का? दर तिमाहीला चक्रवाढ धरली तर तीन वर्षांनी होतात ९८,६७५. लाखाच्या आत. २०२० नंतर हेच गणित पाच लाखांसाठी केलेलं आहे: ४,००,००० ला ७ टक्क्यांनी ४,९२,५७६, आणि ७.५ टक्क्यांनी ४,९९,८८६. शेवटचा आकडा मर्यादेपासून ११४ रुपये दूर आहे. हा माणूस कॅल्क्युलेटर घेऊन बसला असणार.

पेन्शनच्या बँकेत एकही ठेव का नाही, तेही यातच आलं. तिथल्या शिलकीने बेरीज पाच लाखांवर गेली असती.

७. मग एकच पावती ३,९०,००० ची का?

त्या एका बँकेत ज्येष्ठांना ८ टक्के मिळत होते. ४ लाखांचे ८ टक्क्यांनी तीन वर्षांत ५,०७,२९७ होतात, म्हणजे वरचे सात हजार उघड्यावर. ३,९०,००० चे ४,९४,६१४. दर चांगला मिळाला म्हणून मुद्दल कमी केलं. माझ्या भावाला वाटत होतं की दहा हजार कुणाला उसने दिले असतील.

८. ‘ख’ बँकेत दोन ठेवी होत्या म्हणालात. मग तिथे मर्यादा मोडली नाही का?

नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही आहे. एक पावती ‘बाबा आणि आई’ अशा नावांनी आणि दुसरी ‘आई आणि बाबा’ अशी. संयुक्त ठेवींत नावांचा क्रम वेगळा असेल तर विम्यासाठी त्या वेगळ्या धरतात, प्रत्येकीला स्वतंत्र ५ लाख. क्रम तोच असता तर दोन्ही मिळून ५ लाखच.

याच क्रमामुळे एक ठेव जवळजवळ हुकली होती. आमच्याकडे ‘आई आणि बाबा’ ची पावती होती. काउंटरवरच्या मुलीने आईच्या ग्राहक क्रमांकावर पाहिलं आणि एकच ठेव सांगितली. “कॅलेंडरवर दुसरी दिसतेय” म्हटल्यावर ती म्हणाली, “काकू, तीच असेल, नाव उलटसुलट लिहिलं असेल.” मी बाबांच्या पॅनवर पुन्हा पाहायला लावलं तेव्हा नोव्हेंबर २०२१ ची निघाली. तेव्हा संयुक्त ठेव शोधताना दोघांच्याही पॅनवर शोधायला सांगा.

९. तारखा मे आणि नोव्हेंबरच का? यामागे काही योजना होती का?

हो. प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलीने एकच ओळ होती: “४ परत, वरचे घरी ÷६”. पहिल्यांदा वाचलं तेव्हा सहा माणसांत वाटायचे असं वाटलं, आणि आम्ही सहा जण कोण ते मोजत बसलो.

ते सहा महिने होते. दर सहा महिन्यांनी एक ठेव पिकते. ४ लाख पुन्हा तीन वर्षांसाठी तिथेच, वरचे ९२,५७६ घरी आणायचे आणि सहाने भागायचे. महिन्याला १५,४२९ येतात. ते संपतात तोवर पुढची पिकते. आईच्या हिशेबाच्या वहीत २०१९-२० चा महिन्याचा खर्च पंधरा हजारांच्या आसपास आहे. ती वही बाबा दर रविवारी बघायचे आणि आई म्हणायची, “काय तपासताय, मी काय पैसे खाते?”

म्हणजे पेन्शन निम्मी झाली तरी घर चालेल, मुद्दलाला हात लागणार नाही, आणि आईला वर्षातून दोनदाच बँकेत जावं लागेल. व्याज दरमहा देणारी ठेव त्यांनी का घेतली नाही, हे मला खूपदा विचारलं गेलंय. दर महिन्याला व्याज घेतलं तर ते साठत नाही, हातात येणारी रक्कम कमी राहते. आणि बँकेत अडकण्याचा अनुभव असल्यावर, दर सहा महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या बँकेतून पैसा मोकळा होणं त्यांना महत्त्वाचं वाटलं असावं. हा माझा अंदाज.

१०. पैसे मिळायला कोणती कागदपत्रं लागली?

तीन प्रकार होते, तिन्ही वेगळे.

‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती’ अशा पद्धतीच्या चार ठेवींत मृत्यूचा दाखला आणि आईची ओळखपत्रं, बस. नाव कमी झालं.

‘घ’ ची ठेव एकट्या बाबांच्या नावावर होती, आई नॉमिनी म्हणून नोंदलेली. दाव्याचा अर्ज, दाखला, ओळख पटवणारे साक्षीदार. अशा दाव्याचा निकाल बँकेने पूर्ण कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत लावायचा असतो. आमचा पाच आठवड्यांनी लागला, तोही तक्रारीचा लेखी अर्ज शाखेत देऊन पोच घेतल्यावर.

‘च’ ची ठेव एकट्याच्या नावावर आणि नॉमिनीची नोंदच नाही. जाण्याआधी दहा आठवडे उघडलेली, घाईत राहून गेलं असणार. इथे सगळे कायदेशीर वारस पुढे यावे लागले. सुदैवाने बँकेने तेवढ्या रकमेला कोर्टाचा वारसदाखला मागितला नाही, प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्रावर भागलं. ही मर्यादा बँकेगणिक वेगळी असू शकते, ती आधी विचारा. मृत्यूच्या दाखल्याच्या बारा प्रती काढा. आम्हाला अकरा लागल्या.

११. नॉमिनी म्हणजे मालकच ना? मग बाकीच्यांची सही कशाला?

नाही. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते आणि बँक मोकळी होते, पण तो ते वारसांच्या वतीने धरतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस समान वाटेकरी होतात: पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई. लोक ही शेवटची विसरतात. आमची आजी हयात आहे, नव्वदीची. ‘च’ च्या ठेवीत आई, मी, भाऊ आणि आजी असे चार समान हिस्से होते. आम्ही तिघांनी आईच्या नावे हक्क सोडला. आजीच्या अंगठ्यासाठी बँकेचा माणूस घरी आला. तिने त्याला आधी चहा पाजला, मग विचारलं की बाळूचे पैसे बाळूच्या बायकोला द्यायला माझा अंगठा कशाला.

१२. मुदतीआधी मोडावं लागलं का? दंड बसला?

मोडलं नाही, मोडलं असतं तर योजनाच मोडली असती. पण ठेवीदाराच्या मृत्यूनंतर हयात खातेदाराने किंवा नॉमिनीने ठेव मुदतीआधी काढली तर दंड लावायचा नसतो, एवढं ठाऊक असू द्या. एका शाखेत एक टक्का कापण्याची भाषा झाली होती.

१३. व्याजावरचा कर कुणी भरायचा?

मृत्यूच्या तारखेपर्यंतचं व्याज बाबांच्या विवरणपत्रात, ते वारसाने भरायचं (नोंदणी प्रश्न ४ प्रमाणे). त्यानंतरचं ज्याला पैसे मिळाले त्याच्या उत्पन्नात. व्याजातून कर कापू नये म्हणून बाबा दर एप्रिलला पाचही बँकांत १५एच फॉर्म द्यायचे. ते गेल्यावर तो चालत नाही, आईच्या नावाने नवा द्यावा लागतो. आम्ही दोन बँकांत विसरलो, टीडीएस कापला गेला आणि आईला परताव्यासाठी विवरणपत्र भरावं लागलं.

१४. बाबा गेल्यावर ‘ख’ बँकेतल्या दोन ठेवींचं काय झालं?

हा सगळ्यात अवघड अपवाद, आणि तो आम्हाला जवळजवळ उशिरा कळला. प्रश्न ८ मधली युक्ती दोन माणसं होती म्हणून चालत होती. बाबांचं नाव कमी झालं आणि दोन्ही ठेवी एकट्या आईच्या झाल्या. क्रम उरलाच नाही. साडेनऊ लाखांवर विमा पाच लाखांचाच. नोव्हेंबर २०२४ ची ठेव पिकली तेव्हा तिचं आपोआप नूतनीकरण थांबवलं आणि ‘आई आणि मी’ अशा नावाने नवी काढली. एकटीची आणि संयुक्त, या पुन्हा वेगळ्या धरल्या जातात. पहिलं नाव आईचं ठेवलं, कारण पैसे तिचे आणि कर तिच्याच उत्पन्नात जायला हवा.

१५. आमचे पैसे पतसंस्थेत आहेत. हीच पद्धत चालेल?

नाही. हा विमा बँकांना आहे, त्यात नागरी सहकारी बँका येतात. पतसंस्था येत नाहीत, फलकावर काहीही लिहिलेलं असो. बाबांच्या कागदांत एका पतसंस्थेचा अर्ज सापडला, नाव-पत्ता भरलेला, रकमेची जागा कोरी. दर दोन टक्क्यांनी जास्त होता.

आणखी एक. बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तर विम्याची रक्कम आता साधारण ९० दिवसांत मिळते, तशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. बाबा थांबले होते.

१६. महागाईचं काय? दहा वर्षांनी पंधरा हजारांत काय होणार?

इथे बाबांची योजना कमी पडते. मुद्दल ४ लाखच राहतं आणि विम्याच्या मर्यादेमुळे ते वाढवताही येत नाही, वाढवायचं तर नवी बँक हवी. आईचा खर्च आत्ताच एकोणीस हजारांवर गेलाय, मुख्यतः आजीच्या औषधांमुळे. फरक मी आणि भाऊ घालतो. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. २०२३ च्या पावतीवर “÷६” च्या खाली “कमी” असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं आहे.

१७. आता हे सगळं कोण बघतं?

आई. या नोव्हेंबरात ‘घ’ ची पिकली, ती एकटी रिक्षाने गेली. चार परत ठेवले, वरचे पेन्शनच्या खात्यात घातले आणि घरी येऊन नव्या पावतीच्या मागे लिहिलं. पेनने लिहीत होती, मग थांबली आणि पेन्सिल शोधायला उठली.